हाताला फोड, पण मूळ पायात

बडोद्याच्या दमट पावसाळ्यात माझ्या बोटांच्या कडेला साबुदाण्यासारखे बारीक पाण्याचे फोड यायचे, खाज इतकी की झोप उडायची. स्किनच्या डॉक्टरांनी हात बघून आधी चपला काढायला लावल्या, पायाच्या बोटांमधली पांढरी भिजलेली कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितली तर फंगस निघालं, हातात मात्र काहीच नाही. पायातल्या फंगसची रिअ‍ॅक्शन म्हणून हाताला असा पॉम्फोलिक्स, म्हणजे खाजऱ्या बारीक पाण्याच्या फोडांचा एक्झिमा, उठू शकतो म्हणे. मग पायाला अँटीफंगल क्रीम, दिसायला बरं झाल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण लावलं, आणि हाताला स्टिरॉइड मलम थोडेच दिवस. तेच मलम पायाला अजिबात नाही, फंगस पसरतं. फोड फोडले नाहीत, भांडी घासताना रबरी ग्लोव्हजच्या आत सुती घातले कारण घामानेही भडकतं, धुतल्यावर लगेच व्हॅसलीन. पू किंवा ठणका असेल तर मात्र इन्फेक्शन, लगेच दाखवा.