अनुदान खात्यात जमा होत नाही? आधार जोडताना या चुका टाळा

अर्ज मंजूर आहे, शेजारणीच्या खात्यात पैसे आले, आपल्याच खात्यात नाहीत. बँकेत विचारलं तर उत्तर मिळतं, "आधार लिंक आहे की तुमचं." बहुतेक वेळा ते खरंही असतं, पण अनुदानासाठी तेवढं पुरत नाही.

बँकेत आधारची झेरॉक्स देऊन केवायसी झाली की आधार तुमच्या खात्याच्या नोंदीत येतं. अनुदान मात्र खातं क्रमांक बघून येत नाही, ते आधार क्रमांकावर पाठवलं जातं. हा आधार क्रमांक कोणत्या बँकेचा, याची यादी एनपीसीआय ही संस्था ठेवते. या यादीत नाव चढवण्याला आधार सीडिंग म्हणतात, आणि त्यासाठी बँकेला वेगळी लेखी संमती द्यावी लागते. ती दिलीच नसेल तर यादीत बँक सापडत नाही आणि हप्ता सरकारी विभागाकडे परत जातो.

यादीत एका आधारसमोर एकच बँक राहते, सर्वांत शेवटी सीडिंग झालेली. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. समजा, हडपसरमधल्या एका बाईंनी ‘लाडकी बहीण’च्या अर्जात आपल्या जुन्या राष्ट्रीयीकृत बँकेचं खातं लिहिलं. मधल्या काळात कंपनीत पगारासाठी दुसऱ्या बँकेत खातं उघडलं आणि तिथल्या फॉर्मवर अनुदान याच खात्यात घेण्याच्या संमतीवर सही केली. त्या दिवसापासून दरमहा १५०० रुपये नव्या बँकेत जायला लागले. बाई जुनं पासबुक भरून आणतात आणि त्यात काहीच दिसत नाही. पैसे बुडालेले नाहीत, नोकरी सुटल्यावर बंद पडल्यासारख्या त्या खात्यात पडून आहेत. २०१७ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट्स बँकेत अनेकांची गॅस सबसिडी अशीच जमा झाली होती.

अशा वेळी अर्जातला खातं क्रमांक बदलून घेण्यासाठी लोक सेतू केंद्रात चकरा मारतात. त्याने काही फरक पडत नाही, कारण पैसे आधारवरून जाणार आहेत. आधार केंद्रात जाऊनही बँक बदलता येत नाही; तिथे फक्त आधारमधली माहिती आणि मोबाइल नंबर बदलतो.

आधी नेमकं काय झालंय ते बघा. myaadhaar.uidai.gov.in वर आधार क्रमांक आणि ओटीपीने लॉगिन करून Bank Seeding Status उघडा. बँकेचं नाव, स्थिती Active की Inactive, आणि शेवटच्या बदलाची तारीख दिसते. खातं क्रमांक मात्र दिसत नाही. ओटीपी येण्यासाठी आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला असावा लागतो. नसेल तर तेवढ्यापुरतं आधार केंद्र गाठावंच लागेल.

नाव हव्या त्या बँकेचं नसेल, किंवा स्थिती Inactive असेल, तर ज्या खात्यात पैसे हवेत त्या शाखेत जा. "आधार लिंक करायचंय" एवढंच सांगितलं तर पुन्हा केवायसी करून परत पाठवतील. "डीबीटीसाठी एनपीसीआयमध्ये सीडिंग करायचंय, संमतीचा फॉर्म द्या" असं सांगा. फॉर्ममध्ये नवीन सीडिंग की दुसऱ्या बँकेतून बदल, हे विचारलेलं असतं. हडपसरच्या उदाहरणात दुसरा पर्याय भरायचा आणि आधीच्या बँकेचं नाव लिहायचं. पोच घ्या, काही दिवसांनी स्थिती पुन्हा पाहा आणि तारीख बदलली का ते तपासा. काही बँकांसाठी हेच काम npci.org.in वरच्या Bharat Aadhaar Seeding Enabler (BASE) मधून घरबसल्या होतं.

एकाच बँकेत दोन खाती असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा. एनपीसीआयच्या यादीत फक्त बँक असते. त्यातलं कोणतं खातं, हे बँक स्वतःच्या नोंदीवरून ठरवते. त्यामुळे फॉर्मवर खातं क्रमांक स्पष्ट लिहा. आणि दुसऱ्या खात्याचं पासबुकही एकदा भरून बघा.

सीडिंग झाल्यावर पुढचे हप्ते नव्या ठिकाणी येतात. आधी दुसऱ्या बँकेत गेलेले पैसे आपोआप सरकत नाहीत, ते तिथूनच काढावे लागतात. परत गेलेला हप्ता बँक देऊ शकत नाही. तो योजनेच्या कार्यालयानेच पुन्हा पाठवायचा असतो. म्हणून अर्जाचा क्रमांक आणि सीडिंगची पोच घेऊन तिथे विचारा.

स्थिती Active आहे, बँकही बरोबर आहे, त्या बँकेतलं प्रत्येक खातं तपासलंय, तरीही पैसे नाहीत? मग दोष सीडिंगचा नाही. खातं गोठवलेलं किंवा बंद आहे का, योजनेची स्वतःची ई-केवायसी राहिली आहे का, अर्ज अपात्र ठरला आहे का, हे पाहावं लागेल. बँकेतली केवायसी आणि योजनेची ई-केवायसी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक झाली म्हणून दुसरी होत नाही.