‘ऊस डोंगा’ मुलांना समजावून सांगायचा असेल तर

चोखोबांचा हा अभंग बहुतेकांना चालीसकट पाठ असतो, म्हणूनच तो शिकवताना घाईत उरकला जातो. ‘दिसण्यावर जाऊ नये’ एवढं एका वाक्यात सांगायचं आणि पुढचा धडा घ्यायचा. आठवी ते दहावीच्या मुलांना हे वाक्य आधीच पाठ असतं. त्यासाठी सातशे वर्षांपूर्वीच्या अभंगाची गरज नाही, हे त्यांनाही कळतं.

आधी चारही कडवी मोठ्यानं वाचा.

ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥

कमान डोंगी परी तीर नोहे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥

नदी डोंगी परी जळ नोहे डोंगें ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥

चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥

डोंगा म्हणजे वाकडा. वरलिया रंगा म्हणजे वरच्या दिखाव्याला. शब्दार्थ इथेच संपला, फळाभर लिहीत बसू नका.

पहिलं कडवं मुलांना आपोआप कळतं. ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो. दुसऱ्यालाही वेळ लागत नाही. कमान, म्हणजे धनुष्य, वाकडी असते, पण तिच्यातून सुटणारा तीर सरळ जातो. एखादा म्हणेल, ‘कमान वाकडी आहे म्हणूनच तीर सुटतो की!’ त्याला गप्प करू नका. बरोबर आहे म्हणा आणि पुढे चला.

तिसऱ्या कडव्याला एक प्रश्न हमखास येतो, ‘नदी वळते तेव्हा पाणीपण वळतंच ना?’ उत्तर सोपं आहे. वळणावर ओंजळ भरा, सरळ पात्रात ओंजळ भरा, हातातल्या पाण्यात फरक दिसतो का? वळण पात्राचं आहे, पाण्याचं नाही. तिन्ही कडव्यांना मिळून दहा मिनिटं पुरेत.

खरं काम चौथ्या कडव्यात आहे. मीही पुष्कळ दिवस तिथेच अडायचो. वाट्टेल ते सल्ले ऐकायला मिळतात ते याच कडव्याबद्दल. ‘चोखा डोंगा’ वाचलं की मुलं विचारतात, ‘म्हणजे ते दिसायला वाईट होते का? की पाय वाकडा होता?’ इथे ‘संत नम्र असतात, स्वतःला कमी लेखतात’ असं सांगून वेळ मारून नेऊ नका. तसं सांगितलं की अभंगाची धारच जाते.

जातीचं नाव घेऊन सांगा. चोखोबा मंगळवेढ्याचे, महार. विठ्ठलाचे एवढे भक्त, पण पंढरपूरच्या देवळात त्यांना पाऊल टाकता येत नव्हतं. ‘हीन याती माझी देवा, कैसी घडे तुझी सेवा’ हेही त्यांचेच शब्द. 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून ते गेले असं परंपरा सांगते. त्यांची समाधी आजही पंढरपूरला महाद्वारासमोर आहे, देवळाच्या बाहेर. आणि ते दार दलितांना उघडलं 1947 मध्ये, साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. ही सालं फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि मधली वजाबाकी मुलांनाच करू द्या. मग ‘डोंगा’ कोणी कोणाला म्हटलं, ते वेगळं सांगावं लागत नाही. चोखोबा वाकडे नाहीत. लोकांनी त्यांना वाकडं ठरवलंय, आणि ते लोकांचाच शब्द उचलून म्हणतात: बरं, वाकडा तर वाकडा, पण भाव?

आता चारदा येणाऱ्या त्या ओळीकडे या. ‘काय भुललासी’ मधला ‘तू’ कोण? ऊस नव्हे, नदी नव्हे, चोखोबाही नव्हेत. बघणारा. चारही वेळा बोट त्याच्याकडेच आहे. स्वतःची समजूत काढण्यासाठी नाही, समोरच्याला विचारण्यासाठी हा अभंग आहे. एवढं पोचलं की निम्म्याहून जास्त काम झालं.

मग आजचं उदाहरण घ्या. बहुतेक जण इथेच फसतात. नेहमीची गोष्ट असते एका गबाळ्या मुलाची: सगळे त्याला हसतात आणि शेवटी तोच पहिला येतो. ही गोष्ट कटाक्षानं टाळा. तिच्यातून मुलं एवढंच शिकतात की हसू नये, कारण तो हुशार निघू शकतो. मग जो हुशार निघणार नाही, त्याला हसलं तर चालेल? चोखोबांनी बक्षीस, गुण, कर्तबगारी काहीच पुढे केलेलं नाही. फक्त भाव पुढे केलाय. म्हणून उदाहरणात शेवटी कोणी जिंकता कामा नये.

मी हे सांगतो. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मुलगी लिहिते की आजी दवाखान्यात आहे, दोन दिवस येणार नाही. खाली पाच-सहा जण हात जोडलेल्या खुणा टाकतात. एक मुलगा लिहितो, ‘आज्जी कशी हाये आता, डबा लागत आसल तर सांग, मी आनून देतो.’ कोणीतरी ‘आनून’वर गोल काढून स्क्रीनशॉट दुसऱ्या ग्रुपवर टाकतो आणि तिथे हसण्याचा पूर येतो. गोष्ट एवढीच. तो मुलगा पुढे वक्तृत्वात पहिला येत नाही, कोणी माफी मागत नाही.

आता हे अभंगावर बसवून घ्या, पण मुलांकडूनच. डोंगं काय? लिहिणं, तेही आपल्या नजरेला. सरळ काय? डबा आणून द्यायची तयारी. वरलिया रंगाला कोण भुललं? इथे वर्ग जरा गप्प होतो. ती शांतता मोडायची घाई करू नका.

उदाहरण कुठे तोकडं पडतं तेही सांगून टाका. ग्रुपवरचं हसू दोन दिवसांत विरतं आणि त्या मुलाला वाटलं तर तो ग्रुप सोडू शकतो. चोखोबांना जात सोडता येत नव्हती, आणि त्यांच्यावर बंद झालेलं दार त्यांच्या हयातीत उघडलं नाही. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मुलांना वाटलं तर उदाहरण दिलंच नसतं तर बरं, असं होईल.

समजलं की नाही हे बघायला अर्थ लिहायला देऊ नका, गाइडमधला उतारा येईल. पाचवं कडवं लिहायला सांगा: ‘अमुक डोंगं परी तमुक नोहे डोंगं’. ‘मोबाईल जुना परी कॅमेरा चांगला’ असं कोणी लिहिलं, तर तो अजून उसापाशीच आहे. त्याला चौथं कडवं परत वाचायला लावा. ‘बोली डोंगी परी माया नोहे डोंगी’ असं काही आलं, की फळा पुसायला हरकत नाही.