नागपूरहून परदेशी विमान: तुलनेचा तक्ता बनवताना या चुका टाळा

नागपूरहून लंडनला थेट विमान नाही, त्यामुळे कुठेतरी बदलावं लागतंच. मग दिल्लीमार्गे एकच तिकीट, मुंबईपर्यंत वेगळं तिकीट, की रात्रीच्या गाडीने मुंबई, असे पर्याय समोर येतात आणि घरात कोणीतरी एक्सेल किंवा गुगल शीट उघडतं. तक्ता दहा मिनिटांत होतो. पण तो चुकतो तेव्हा कुठलीही लाल खूण दिसत नाही, निमूटपणे चुकीचा पर्याय सर्वांत वर येतो.

उदाहरण घेऊ. प्रतापनगरचं एक जोडपं जानेवारीत लेकीकडे लंडनला निघालंय, प्रत्येकाची २३ किलोची एक बॅग. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. फक्त जातानाचा हिशेब, दोघांचा मिळून:

पहिला पर्याय, दिल्लीमार्गे एकाच पीएनआरवर: १,०४,००० रुपये.
दुसरा, नागपूर–मुंबई आणि मुंबई–लंडन अशी दोन वेगळी तिकिटं: १२,००० अधिक ८०,०००, म्हणजे ९२,०००.
तिसरा, रात्रीची गाडी आणि मग तेच मुंबई–लंडन विमान: ६,००० अधिक ८०,०००, म्हणजे ८६,०००.

बेरीज बरोबर दिसते, पण नसते

दुसऱ्या पर्यायात बारा हजार वाचले असं वाटतं. पण देशांतर्गत विमानात इकॉनॉमीला सहसा १५ किलोच सामान फुकट असतं. लंडनच्या तिकिटावर २३ किलो चालत असलं, तरी तिकिटं वेगळी असल्यामुळे नागपूरच्या काउंटरवर त्याचा उपयोग नाही. दोघांचं मिळून १६ किलो जास्त. किलोला ४५० धरले तर ७,२०० रुपये, वर टर्मिनल बदलायला टॅक्सीचे ८००. एकूण झाले १,००,०००, म्हणजे खरी बचत चार हजार. रेल्वेत थर्ड एसीला माणशी ४० किलो चालतं, त्यामुळे तिसऱ्या पर्यायात फक्त टॅक्सीचे हजार वाढतात: ८७,०००.

भाडं साइटवरून उचलून चिकटवलं तर `INR 12,000` किंवा `12,000/-` असा मजकूर सेलमध्ये येतो. `SUM` मजकूर गपचूप वगळतो, चूक दाखवत नाही, आणि तो पर्याय बारा हजारांनी स्वस्त होऊन बसतो. शंका आली तर `=ISNUMBER(B3)` करून बघा. `FALSE` आलं की आकडा हाताने टाका. आणि भाडं पैसे भरण्याच्या आधीच्या शेवटच्या पानावरचं घ्या, यादीतलं नको.

साडेएकोणतीस तासांचे साडेपाच तास

वेळ विमान उडाल्यापासून नाही, घर सोडल्यापासून मोजायची. F मध्ये घर सोडण्याची तारीख-वेळ, G मध्ये उतरण्याची तिथली स्थानिक तारीख-वेळ, H मध्ये दोन्ही देशांतला फरक तासांत. जानेवारीत लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, म्हणून 5.5. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून तिथलं घड्याळ पुढे जातं, तेव्हा 4.5 करा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा 5.5.

```
=G2-F2+H2/24
```

तिन्ही पर्याय संध्याकाळी साडेसहाला लंडनला पोचतात असं धरू. विमानवाले सकाळी सहाला घर सोडतात, म्हणजे १८ तास. गाडीवाले आदल्या संध्याकाळी साडेसहाला निघतात, म्हणजे साडेएकोणतीस. पण सेलचा फॉरमॅट साध्या वेळेचा असेल तर शीट पूर्ण २४ तास गिळून `5:30` दाखवते आणि गाडी सर्वांत वेगवान ठरते! कस्टम फॉरमॅटमध्ये `[h]:mm` टाका, चौकोनी कंसासकट. दुसरी गंमत तारखेची. गुगल शीटचं लोकेल अमेरिकेचं असेल तर 12/01 म्हणजे १ डिसेंबर होतो. `File > Settings` मध्ये लोकेल भारताचं ठेवा.

जोखमीला गुण देऊ नका

सर्वांत मोठी गडबड इथे होते. जोखीम १ ते ५ मध्ये मोजायची, तिला ३० टक्के वजन द्यायचं, खर्चाला ५०, वेळेला २०. उत्तर येतं, पण ते तुम्ही दिलेल्या वजनांचं असतं. वजन जरा हलवलं की पहिला नंबर बदलतो.

त्याऐवजी विचारा: गडबड झाली तर किती रुपये जातील? एकाच पीएनआरवर नागपूरचं विमान उशिरा आलं आणि पुढचं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवणं एअरलाइनचं काम. तुमचे तास जातील, तिकीट नाही. वेगळ्या तिकिटांवर मात्र लंडनच्या कंपनीसाठी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी. करांचा थोडा परतावा सोडला तर पैसे बुडाले, आणि ऐनवेळची नवी तिकिटं दोघांची १,२०,००० धरा. हे J मध्ये लिहा आणि K मध्ये:

```
=(E$2-E3)/J3
```

E म्हणजे एकूण खर्च, दुसऱ्या ओळीत एकाच तिकिटाचा पर्याय. उत्तर सांगतं की विमान चुकण्याची शक्यता किती टक्क्यांपर्यंत असेल तोवर हा पर्याय परवडतो. वेगळ्या विमानाला येतात ३.३ टक्के, म्हणजे तिसात एकदा. गाडीला १४ टक्के, साधारण सातात एकदा.

आता प्रत्यक्ष शक्यता. मुंबईत ९:३५ ला उतरणार, लंडनचं विमान दुपारी दोनला, म्हणून साडेचार तास हातात आहेत असं लोक लिहितात. पण काउंटर तासभर आधी, एकला बंद होतं. बॅगा हातात येईपर्यंत सव्वादहा, दुसऱ्या टर्मिनलला पोचेपर्यंत अकरा. खरा अवकाश दोन तासांचा. गाडी आठला पोचली तर सीएसएमटीहून विमानतळाला दहापर्यंत पोचाल, अवकाश तीन तास.

विमान क्रमांकाचा मागचा इतिहास ट्रॅकिंगच्या साइटवर बघा आणि दोन तासांहून जास्त उशीर किंवा रद्द झालेले दिवस मोजा. जुलैचा इतिहास जानेवारीला चालत नाही. नागपूरचं सकाळचं विमान दिल्लीहून येणारं असेल, तर धुकं दिल्लीत आणि फटका तुम्हाला. गाडीचंही तसंच. हावड्याहून येणारी आधीच उशीर घेऊन येते, नागपूरहूनच सुटणारी दुरांतो मोकळी निघते.

आणि इथे एक सापळा आहे. तीस दिवसांत एकदाही उशीर दिसला नाही, म्हणून शक्यता शून्य होत नाही. संख्याशास्त्रातला ठोकताळा असा की ३ भागिले दिवस, म्हणजे ती १० टक्क्यांपर्यंत असू शकते. दुसऱ्या पर्यायाला ३.३ च्या आत हवी होती, ते तीस स्वच्छ दिवसही सिद्ध करत नाहीत. चार हजारांसाठी मी तो घेणार नाही. गाडीची मर्यादा १४ टक्के, तिथे तीस स्वच्छ दिवस पुरतात. मग प्रश्न उरतो साडेअकरा जादा तासांचा. सतरा हजार भागिले साडेअकरा, तासाला दोघांचे मिळून सुमारे १,४८०, आणि त्यातले बरेच तास बर्थवर झोपेत जातात. ही किंमत खर्चात मिसळू नका, शेजारच्या स्तंभात ठेवा. गुडघे दुखणाऱ्या काकूंचं उत्तर वेगळं असेल.

परतीसाठी मात्र वेगळी ओळ करा, जातानाची नक्कल नको. येताना मुंबईत काही चुकलंच तर बुडतं ते नागपूरचं तिकीट. ऐनवेळी दोघांना १६,००० पडले आणि बचत तीच चार हजार असली, तर K मध्ये २५ टक्के येतात. जाताना नाकारलेली वेगळी तिकिटं येताना खुशाल घ्या.