"शिकवणं का सोडताय?"

डेटाच्या नोकरीसाठीच्या पहिल्या दोन मुलाखतींत मी या प्रश्नावर "डेटाची आवड आहे" म्हणाले आणि तिथेच अडले. तिसऱ्या वेळी सातवीची हजेरी सांगितली. 42 मुलं, गणितात 11 नापास. हजेरी आणि गुण एक्सेलमध्ये एकत्र करून वारानुसार पिव्होट टेबल केलं, तर त्या 11 नापासांतली 8 मुलं बहुतेक सोमवारी गैरहजर. सोमवार गावचा बाजार, आणि अपूर्णांक मी सोमवारीच शिकवायचे. मग अपूर्णांकांची उजळणी बुधवारी घेतली. पुढच्या चाचणीत नापास 5.

"बदल उजळणीमुळेच झाला कशावरून?" त्यांनी विचारलं. "खात्रीनं नाही सांगता येणार, चाचणीही वेगळी होती," मी म्हणाले. पुढचा अर्धा तास याच मुद्द्यावर बोलणं झालं. शाळेला नावं ठेवायची वेळच आली नाही.