स्वतः चालवायची भाड्याची गाडी: किल्ली घेण्यापूर्वीची कायदेशीर तयारी

पुण्याहून चार दिवसांसाठी गोव्याला जायचे आहे, चालक नको आहे, म्हणून गाडी भाड्याने घेऊन ती स्वतःच चालवत न्यायची, असा बेत धरून ही तयारी मांडली आहे. अशा व्यवहारात वाद बहुधा गाडी परत करताना किंवा त्यानंतर काही आठवड्यांनी उभा राहतो, पण त्याचा निकाल लावणारा पुरावा गाडी ताब्यात घेतानाच तयार करावा लागतो. म्हणून या यादीतील बहुतेक कामे प्रवास सुरू होण्याआधीची आहेत.

सर्वांत आधी गाडीची पाटी पाहावी. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याच्या परवानाधारक गाडीची पाटी काळी असते आणि तिच्यावरील अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली गाडी खासगी वापरासाठी नोंदलेली असते. ती कितीही चकचकीत असली आणि भाडे कितीही कमी सांगितले तरी ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘पकडले तर मालकाचे तो पाहील’ ही समजूत चुकीची आहे. परवान्याशिवाय गाडी व्यवसायासाठी वापरण्याबद्दलचे मोटार वाहन कायद्याचे कलम १९२-अ मालकाबरोबर गाडी चालवणाऱ्यालाही लागू होते, त्यात दहा हजार रुपये दंडाची आणि कैदेचीही तरतूद आहे, आणि गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार पोलिसांना व परिवहन अधिकाऱ्यांना आहे. दुसरा धोका विम्याचा आहे. खासगी गाडीच्या विमापत्रात ती भाड्याने देता येणार नाही अशी वापराची अट असते, त्यामुळे अपघातानंतर गाडीच्या दुरुस्तीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते आणि मग सगळा खर्च कोणाकडे मागितला जाईल हे सांगायला नको.

पाटीनंतर कागद पाहावेत. नोंदणी प्रमाणपत्र, विमा, पीयूसी, योग्यता प्रमाणपत्र आणि परवाना यांची मुदत तपासून प्रत्येकाचा फोटो आपल्या मोबाइलमध्ये घ्यावा. गोव्याला जायचे असल्याने परवाना महाराष्ट्राबाहेर चालतो का, हे तोंडी न विचारता परवान्यावर वाचावे. विमा संपलेली गाडी चालवणे हा कलम १९६ खाली चालकाचाही गुन्हा आहे, म्हणून ‘नूतनीकरण चालू आहे’ हे उत्तर स्वीकारू नये. शिवाय कागद, परवाना किंवा पाटी यांतील त्रुटींमुळे झालेला कोणताही दंड मालक भरेल, असे एक वाक्य करारनाम्यात लिहून घ्यावे. प्रामाणिक व्यावसायिक त्याला नकार देत नाही.

आता रस्त्यावरच्या दंडांकडे वळू. पोलिसाने गाडी थांबवून जागेवर केलेली कारवाई सरळ असते, कारण तिथे चालकाचे नाव नोंदले जाते. गुंता कॅमेऱ्याच्या ई-चलानचा आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरील कॅमेऱ्याला गाडीचा क्रमांक दिसतो, चालवणारा कोण हे त्याला माहीत नसते, म्हणून चलान नोंदणीकृत मालकाच्या मोबाइलवर जाते. मालकाने विचारणा झाल्यावर चालकाची माहिती द्यावी, अशी तरतूद कलम १३३ मध्ये आहे, आणि भाड्याच्या काळातील वाहतूक नियमभंगाचा दंड गाडी घेणाऱ्याने भरावा ही करारातील अट रास्तच आहे. वेग तुम्ही वाढवला असेल तर दंड तुमचा, यात वादाला जागा नाही. जागा उरते ती दोन ठिकाणी: ते चलान खरोखर तुमच्याच वेळेतील आहे का, आणि दंडाखेरीज ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून आणखी किती आकारले जाणार.

यासाठी किल्ली घेताना मालकासमोरच `mahatrafficechallan.gov.in` आणि `echallan.parivahan.gov.in` या संकेतस्थळांवर गाडीची थकीत चलाने पाहावीत आणि त्या पडद्याचे चित्र जपून ठेवावे. तिथे गाडीच्या क्रमांकाबरोबर चॅसी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे अंक विचारले जातात. ते नोंदणी प्रमाणपत्राच्या फोटोत सापडतात. करारनाम्यात गाडी दिल्याची आणि परत घेतल्याची केवळ तारीख पुरत नाही, वेळही लिहिलेली हवी. चलानावर तारीख, वेळ, ठिकाण आणि बहुधा छायाचित्रही असते. सकाळी साडेनऊला तुम्ही किल्ली घेतली आणि त्याच दिवशी सकाळी सात चाळीसचे चलान तुमच्या माथी मारले गेले, तर वेळेची ती एक नोंद वाद संपवते. शिवाय चलान भरण्यापूर्वी त्याची प्रत आपल्याला पाठवली जावी, ही अट आग्रहाने घालून घ्यावी. मालकाने परस्पर दंड भरून टाकला की चलान चुकीचे असले तरी त्याविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग व्यवहारात बंद होतो.

अनामतीबद्दलचा गैरसमज दुहेरी आहे. काही मालकांना ती आपलीच रक्कम वाटते, तर काही ग्राहकांना वाटते की आपली जबाबदारी अनामतीपुरतीच आहे. दोन्ही खरे नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात दंडाची एखादी रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात हे तत्त्व पुन्हा स्पष्ट केले: नुकसान झालेच नसेल तर ठेवलेली रक्कम जप्त करता येत नाही. उलट, नुकसान अनामतीपेक्षा जास्त झाले आणि करारात जबाबदारीची मर्यादा लिहिलेली नसली, तर वरची रक्कमही तुमच्याकडे मागता येते. म्हणून अनामतीचा आकडा, ती किती दिवसांत आणि कोणत्या खात्यात परत येईल, कोणत्या कारणांसाठी कापली जाईल आणि प्रत्येक कपातीमागे बिल दिले जाईल का, एवढे सगळे लेखी असावे. रक्कम यूपीआयने किंवा कार्डाने द्यावी. रोख दिल्यास पावतीवर ‘भाडे’ आणि ‘परत करण्याची अनामत’ असे दोन आकडे वेगळे लिहून घ्यावेत. अनामतीऐवजी वाहन चालवण्याचा आपला मूळ परवाना किंवा मूळ पासपोर्ट कोणाच्या टेबलाच्या खणात ठेवून निघू नये. ओळखीसाठी छायाप्रत पुरेशी आहे.

नुकसानाचा मुद्दा सर्वांत जास्त वेळ मागतो. करार कायद्याच्या भाषेत तुम्ही दुसऱ्याची वस्तू वापरापुरती ताब्यात घेतलेली असते. कलम १५१ प्रमाणे साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी तुम्ही घेणे अपेक्षित आहे, आणि ती घेतली असेल तर वेगळी अट नसताना नुकसानाची जबाबदारी तुमच्यावर येत नाही, असे कलम १५२ म्हणते. पण छापील करारनाम्यात ही वेगळी अट जवळपास नेहमीच असते, म्हणून कलमाच्या भरवशावर न राहता ती अट शब्दशः वाचावी. दुसऱ्या बाजूने कलम १५० ग्राहकाच्या कामाचे आहे: भाड्याने दिलेल्या वस्तूतील दोषामुळे होणाऱ्या हानीला, तो दोष देणाऱ्याला माहीत असो वा नसो, देणाराच जबाबदार असतो. घाटात ब्रेक निकामी होणे किंवा झिजलेले टायर फुटणे याचा बोजा म्हणूनच तुमच्यावर ढकलता येत नाही. मात्र टायर मुळातच झिजलेले होते हे दाखवणारा फोटो तुमच्याकडे हवा.

हे फोटो दिवसाउजेडी आणि धुतलेल्या गाडीचे घ्यावेत, कारण धुळीखाली ओरखडे दिसत नाहीत. चारही कोपऱ्यांतून गाडीभोवती फिरत एक सलग चित्रफीत काढावी, तिची सुरुवात नंबरप्लेटने करावी आणि शेवट मीटरवरील किलोमीटर व इंधनाच्या काट्याने. पुढच्या बंपरची खालची कड, चाकांच्या रिम, काचेवरील बारीक तडे, आरशांची बाहेरची बाजू आणि डिकीतील स्टेपनी व जॅक या जागा सहसा सुटतात आणि पैसे नेमके तिथेच कापले जातात. ही चित्रफीत लगेच मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावी, म्हणजे पाठवल्याची वेळ दोघांकडेही नोंदली जाते. परत करतानाही हेच पुन्हा करावे आणि ‘गाडी मिळाली’ एवढा तरी निरोप घ्यावा.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. समजा भाडे रोज २,५०० रुपये, अनामत १०,००० रुपये, आणि करारानुसार एका अपघातामागे तुमची जबाबदारी ५,००० रुपयांपर्यंत. गाडी परत करताना मागच्या बंपरचा डावा कोपरा फुटलेला निघाला. मालक म्हणतो, बंपरचे ७,५०० आणि गाडी गॅरेजमध्ये दोन दिवस उभी राहील त्याचे ५,०००, म्हणजे एकूण १२,५००. अनामत गेली, वर २,५०० द्या. प्रथम तडा तुमच्या ताब्यात पडला का हे चित्रफितीवरून ठरवावे. तो तुमचाच असेल तर दुरुस्तीपोटी ५,००० पेक्षा जास्त देणे लागत नाही, कारण मर्यादा त्याच कारणासाठी लिहिलेली आहे. उभ्या गाडीचे भाडे या मर्यादेत आहे की वेगळे, हे करारात पाहावे. त्याचा उल्लेखच नसेल तर ते आपोआप देय ठरत नाही. बुडालेले भाडे मालकाने सिद्ध करावे लागते. वेगळे लिहिले असेल तरी गाडी खरोखर दोन दिवस बंद होती याचा गॅरेजचा कागद मागावा. म्हणजे एका वाचनाने परत मिळणारी रक्कम ५,००० आणि दुसऱ्याने शून्य, इतका फरक एका ओळीने पडतो.

ही मर्यादा कोणत्या परिस्थितीत उठते, तेही वाचून ठेवावे. मद्यपान करून गाडी चालवणे, करारात नाव नसलेल्या व्यक्तीच्या हाती गाडी देणे, ठरलेल्या हद्दीबाहेर नेणे किंवा गोव्यात किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी उतरवणे, या गोष्टींनंतर संपूर्ण नुकसान तुमच्यावर येऊ शकते. कलम १५४ तर सांगते की ठरल्यापेक्षा वेगळ्या रीतीने वापर केल्यास, नुकसानीत तुमची चूक नसली तरी भरपाई द्यावी लागते. म्हणून सोबतचा भाऊ किंवा पत्नी थोडा वेळ गाडी चालवणार असेल तर त्यांचे नाव आणि परवाना क्रमांक आधीच करारात घालावा.

विम्यातील एक पोकळी फार थोड्यांना ठाऊक असते. रस्त्यावरील तिसऱ्या व्यक्तीला इजा झाल्यास अनिवार्य विमा कामास येतो. परंतु चालवणाऱ्याला स्वतःला इजा झाल्यास पंधरा लाखांचे जे वैयक्तिक अपघात संरक्षण विमापत्राबरोबर घेतले जाते ते नोंदणीकृत मालक-चालकासाठी असते, आणि तुम्ही मालक नसता. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये असेही ठरवले की दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, त्यामुळे त्याला त्या गाडीच्या विम्यापुढे तिसरी व्यक्ती म्हणून हक्क सांगता येत नाही. स्वतःच्या नावाचा वेगळा वैयक्तिक अपघात विमा नसेल तर तो निघण्यापूर्वी घ्यावा.

धडक झालीच तर मालकाला लगेच कळवावे, जागेवरचे फोटो घ्यावेत, कोणी जखमी असल्यास पोलिसांत नोंद करावी, आणि विमा कंपनीचा सर्वेक्षक येण्याआधी दुरुस्ती होऊ देऊ नये. दुरुस्तीचा खर्च विम्यातून मिळणार असेल तर तोच खर्च पूर्ण तुमच्याकडूनही घेणे योग्य नाही. दाव्याचा क्रमांक आणि मंजूर रक्कम मागावी.

अनामत अडकली तर आधी लेखी मागणी करावी आणि कपातीची बिले मागावीत. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे, तेही आपण राहतो त्या जिल्ह्यात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी, आणि तिच्याबरोबर करारनामा, पैसे दिल्याची नोंद, दोन्ही चित्रफिती आणि झालेला पत्रव्यवहार जोडावा.