टँजंट लाईनने वर्गमूळ काढताना या चुका टाळा

बारावीच्या मुलांच्या वह्या तपासताना दरवर्षी त्याच त्याच चुका लाल पेनाने गोल करून माझा हात दुखतो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. गणित छोटंसं आहे. √47 हवंय, जवळचा पूर्ण वर्ग 49, तिथे y = √x ला टँजंट काढायची आणि वक्राऐवजी त्या सरळ रेषेवर 47 ला किती येतं ते वाचायचं. एवढंच.

माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढला की तो तसाच्या तसा रेषेच्या समीकरणात कोंबायचा. √x चा डेरिव्हेटिव्ह 1/(2√x), हे सगळ्यांना पाठ असतं. मग वहीत काय येतं तर

y − 7 = (1/(2√x))(x − 49)

आता ही रेषाच नाहीये! स्लोपमध्ये x शिल्लक राहिला म्हणजे प्रत्येक ठिकाणी स्लोप वेगळा, मग ती सरळ कशी राहील? आपल्याला स्लोप हवाय फक्त 49 ला, म्हणजे 1/(2×7) = 1/14, एक साधा आकडा.

गेल्या वर्षी माझ्याकडच्या एका मुलाने टेस्टमध्ये √47 असंच काढलं. वरचं समीकरण लिहिलं, x च्या जागी 47 टाकला, वर आलं −2 आणि खाली आलं 2√47. म्हणजे जे शोधायला निघालो तेच खाली येऊन बसलं. तर पठ्ठ्याने काय केलं, "47 म्हणजे 49 च्या जवळच आहे" म्हणून √47 च्या जागी 7 घेतला आणि उत्तर आलं 7 − 2/14 = 6.857. बरोबर उत्तर! मी घाईत होतो, शेवटची ओळ बघून पूर्ण मार्क दिले, आणि ती माझी चूक मला अजून लागून राहिलीये, कारण पुढच्या टेस्टमध्ये नुसतं "49 ला स्पर्शिकेचं समीकरण लिहा" विचारलं तर त्याने y = 7 + (x − 49)/(2√x) लिहून ठेवलं आणि पाचपैकी एक मार्क मिळाला. त्याला कळेना की मागच्या वेळी चाललं ते आता का नाही. मग मी त्याला x = 196 टाकायला लावलं. खऱ्या टँजंटवर 7 + 147/14 = 17.5 येतं, त्याच्या समीकरणातून 7 + 147/28 = 12.25. मग x = 49 ला दोन्हीकडे 7 येतं हेही दाखवलं, म्हणजे दोन्ही एकाच बिंदूतून निघतात पण त्याची वळत जाते. तेव्हा पटलं.

यावर माझी सवय अशी की डेरिव्हेटिव्ह काढला की दुसरं काहीही लिहिण्याआधी वेगळ्या ओळीत तीन गोष्टी लिहायच्या: a = 49, f(a) = 7, f'(a) = 1/14. तिन्ही आकडे. त्यात कुठे x दिसला तर पुढे जायचंच नाही. मुलं म्हणतात सर डायरेक्ट f(a + h) ≈ f(a) + h·f'(a) मध्ये टाकतो की, वेळ वाचतो. ती एक ओळ लिहायला किती वेळ जातो हो? आणि सूत्र पाठ करून आकडे भरणाऱ्यालाच हे कळत नाही की सूत्र म्हणजे तीच टँजंट लाईन आहे, फक्त x − a ला h नाव दिलंय.

बिंदू (49, 7) आहे, (7, 49) नाही. हे पण लिहावं लागतं!

h चं चिन्ह. 47 साठी h = 47 − 49 = −2. "फरक दोनचा" म्हणून +2 घेतला की उत्तर 7.143 येतं, आणि 47 चं वर्गमूळ 7 पेक्षा मोठं कसं असेल हा विचार पेन खाली ठेवायच्या आधी दोन सेकंद तरी करा.

आता दुसरी मोठी चूक, आणि ही हुशार मुलं करतात. "h लहान असला की झालं" असं ती धरून चालतात. लहान म्हणजे कशाच्या मानाने? √0.02 काढायला सांगितलं की a = 0.01 घेतात, वर्गमूळ छान 0.1 येतं, h पण फक्त 0.01, किती लहान! उत्तर येतं 0.1 + 0.01/0.2 = 0.15. खरं उत्तर 0.1414. म्हणजे सहा टक्क्यांची चूक. याउलट √10001 ला h = 1 आहे, शंभरपट मोठा, तरी 100 + 1/200 = 100.005 येतं आणि ते सहा दशांश स्थळांपर्यंत 100.005000 असंच बरोबर आहे. कारण h ची तुलना a शी करायची असते. पहिल्यात h हा a इतकाच आहे, दुसऱ्यात दहा हजारावा भाग. शून्याजवळ √x चा वक्र जोरात वळतो, त्यामुळे टँजंट त्याच्यापासून लगेच सुटते, आणि a = 0 ला तर टँजंट उभीच असते, स्लोपच मिळत नाही, तरी कोणीतरी दरवर्षी 0 घेतोच.

मी काय करतो तर h/a काढून बघतो, दहावा भाग किंवा त्याहून कमी आला तरच पुढे जातो. नसेल तर दुसरा a शोधतो, आणि a हा पूर्णांकाचाच वर्ग हवा असं कुठेही लिहिलेलं नाही. 0.14 चा वर्ग 0.0196. तो घेतला की 0.14 + 0.0004/0.28 = 0.14143. दोन मिनिटं a निवडण्यात घालवलेली परवडतात, पहिला दिसला तो उचलणाऱ्यांचं मात्र मला काही सांगायचं राहत नाही.

शेवटी √47 = 6.857 असं बरोबरचं चिन्ह देऊ नका, ≈ लिहा. इथे उत्तर नेहमी खऱ्यापेक्षा थोडं जास्तच येतं, कारण √x चा वक्र खाली वाकतो आणि टँजंट त्याच्या वरून जाते. किती जास्त तेही सापडतं: आलेल्या उत्तराचा वर्ग करा, तो मूळ संख्येपेक्षा बरोबर h²/(4a) ने मोठा यायला हवा. √50 साठी 7 + 1/14, याचा वर्ग 50 + 1/196. मी प्रत्येक उत्तर असंच तपासतो. एका मुलीने √50 ≈ 7.07 लिहिलं होतं आणि माझं काय चुकलं म्हणून भांडत होती, तिला वर्ग करायला सांगितला तर 49.9849 आला, पन्नासपेक्षा कमी, जे टँजंटने येऊच शकत नाही. मग मागे गेलो तर तिने 1/14 मध्येच 0.07 करून टाकला होता.