लग्नाला येणे जमणार नसेल, तर कळवताना या चुका टाळा

आपल्याकडे सोलापुरात ओळख लांबची असली तरी पत्रिका घरी आणून हातात देण्याची पद्धत अजून टिकून आहे, आणि पहिली चूक नेमकी त्या दहा मिनिटांत, चहाचा कप पुढे ठेवताना होते. समोरचा माणूस "अक्षतेला यायचं बरं का, सगळ्यांनी" असे म्हणतो आणि आपण तारीख न पाहताच "नक्की येतो" असे बोलून जातो. मीही एका दुकानदार स्नेह्यांना असेच बोललो होतो आणि गेलो नव्हतो. पुढच्या वेळी दुकानात गेलो तेव्हा ते फक्त एवढेच म्हणाले, "तुमची वाट पाहिली." त्या तीन शब्दांना माझ्याकडे उत्तर नव्हते.

"बघतो, प्रयत्न करतो" हे उत्तर सुरक्षित वाटते खरे, पण यजमानाच्या दृष्टीने ते होकारासारखेच असते, कारण कार्यालयात जेवणाची पाने आधी सांगावी लागतात आणि असे अर्धवट बोललेले पाहुणे बहुतेक घरांत येणाऱ्यांतच धरले जातात. म्हणून पत्रिका हातात घेताना "तारीख पाहून उद्यापर्यंत कळवतो" असे म्हणावे आणि ते खरोखर दुसऱ्या दिवशी कळवावे. लग्नाच्या आदल्या रात्री आलेला नकार कितीही गोड शब्दांत असला तरी यजमानाच्या काही उपयोगाचा नसतो.

कळवण्याचा मार्गही निमंत्रणाला शोभेल असा हवा. पत्रिका मोबाइलवर आली असेल तर मेसेज पुरेसा आहे, मात्र तो ग्रुपवर न टाकता यजमानांना स्वतंत्र पाठवावा, कारण ग्रुपवर एकाचा नकार दिसला की दुसऱ्यालाही नाही म्हणणे सोपे होते. माणूस जिना चढून घरी आला असेल तर आधी फोनच करावा.

एक उदाहरण घेऊ. साखर पेठेतील ओळखीच्या अण्णांच्या मुलीचे लग्न रविवारी आहे, अक्षता दुपारी साडेबाराची आहे, आणि त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता बार्शीला आपल्या भाचीचा साखरपुडा आहे. इथे "दोन्हीकडे तोंड दाखवून येतो" हा मोह पडतो. पण मामाला साखरपुड्यातून मध्येच उठता येत नाही आणि सोलापुरात पोहोचेपर्यंत पंगती उठलेल्या असतात. फोनवर बोलून झाल्यावर असा मजकूर पाठवावा:

"सप्रेम नमस्कार, अण्णा. आपण स्वतः घरी येऊन पत्रिका दिलीत, याचा आम्हा सर्वांना आनंद झाला. त्याच रविवारी माझ्या भाचीचा बार्शीला साखरपुडा आहे आणि मामा म्हणून मला तिथे थांबावे लागणार असल्याने अक्षतेला येणे जमणार नाही, म्हणून आजच कळवत आहे. चि. सौ. कां. ताईंना व जावईबापूंना आमचे मनापासून शुभाशीर्वाद."

यात कारण एकच आहे, खरे आहे आणि एका वाक्यात संपले आहे. अनेक जण प्रकृती, रजा, मुलांची परीक्षा अशी तीन-चार कारणे एकापुढे एक मांडतात आणि त्यामुळे खरे कारणही बहाणा वाटू लागते. खोटे कारण तर देऊच नये. आजारी असल्याचे कळवलेला माणूस त्याच संध्याकाळी दुसऱ्या लग्नाच्या फोटोत दिसतो, आणि सोलापुरात तो फोटो पाहणारे ओळखीचेच असतात. घरात सुतक असेल तर मंगलकार्याच्या निरोपात त्याचा तपशील लिहू नये. "घरी अडचण असल्याने येणे होणार नाही" एवढे म्हटले की जाणती माणसे पुढे विचारत नाहीत.

आहेराच्या बाबतीत होणारी चूक मात्र सहसा कोणी बोलून दाखवत नाही. न गेल्याची भरपाई म्हणून काही जण मोठी रक्कम पाठवतात. आहेर वहीत नावानिशी लिहिला जातो आणि पुढे आपल्या घरच्या कार्यात तो तेवढाच किंवा थोडा वाढवून परत करावा लागतो, त्यामुळे लांबच्या ओळखीत पाठवलेले पाच हजार एक रुपये समोरच्या घराला ओझे होतात. गेलो असतो तर जेवढा आहेर केला असता, तेवढाच करावा. पाचशे एक असतील तर पाचशे एकच. पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" असे छापलेले असेल तर पाकीट दुसऱ्याच्या हाती पाठवणेही टाळावे.

लग्नानंतर "एकदा निवांत येतो" असे मोघम बोलू नये. मुलगी सासरी जाऊन, पूजा आटोपून घर जरा मोकळे व्हायला आठ-दहा दिवस लागतात. त्यानंतर फोन करून वार ठरवावा, पाव किलो पेढे घेऊन अर्धा तास बसून यावे आणि लग्नाचे फोटो आपणहून मागून पाहावेत.